स्टॅबिलिटी सर्टिफिकेटवर इंजिनीअरने पानभर ‘हे वगळून’ लिहिलंय. घ्यावं की दुसरं आणावं?

मानेवाडाकर

नमस्कार मंडळी. मानेवाडा भागात ३० बाय ५० चा प्लॉट आहे. २००९ साली वडिलांनी खाली-वर असं घर बांधलं, रीतसर मंजुरी घेऊन. आता धाकट्या भावाचं लग्न ठरलंय, म्हणून दुसरा मजला चढवायचा आहे. आर्किटेक्टने नकाशे तयार केले आणि सांगितलं की जुन्या घरावर मजला असल्यामुळे अर्जासोबत स्ट्रक्चरल इंजिनीअरचं स्टॅबिलिटी सर्टिफिकेट लागेल.

इंजिनीअर साहेब दोनदा घरी आले, कॉलमखालची फुटिंगं, म्हणजे पाया, पाहायला तीन ठिकाणी खड्डे करायला लावले, कॉलममधून तीन गोल तुकडे कापून लॅबला पाठवले. एवढं सगळं झाल्यावर जे सर्टिफिकेट दिलं ते इंग्रजीत आहे, मतलब असा:

‘जागेवरची पाहणी, उघडून पाहिलेली ३ फुटिंगं, ३ कोअरचा अहवाल आणि मालकाने दिलेला २००९ चा आरसीसी नकाशा यांच्या आधारे मी प्रमाणित करतो की ही दुमजली इमारत सोबतच्या नकाशातल्या दुसऱ्या मजल्याचा भार पेलण्यास सक्षम राहील, मात्र मधली दोन फुटिंगं माझ्या अहवालाप्रमाणे वाढवल्यानंतर आणि गच्चीवरचा जुना कोबा काढल्यानंतर.’

आणि त्याखाली पानभर वगळणूक. न उघडलेली ९ फुटिंगं नकाशाप्रमाणे आहेत असं धरलंय, वेगळी निघाली तर हे प्रमाणपत्र लागू नाही. नव्या कामाचा दर्जा यात नाही. गळती, वायरिंग, वाळवी यात नाही. गच्चीवर २००० लिटरपेक्षा मोठी टाकी ठेवली तर जबाबदारी नाही. शेजाऱ्याने लागून खोदलं तर नाही. मालकी, सोडलेल्या जागा, चटईक्षेत्र हे तर नाहीच नाही.

आर्किटेक्टचा पोरगा अर्ज घेऊन गेला तर खिडकीवर त्याला सांगितलं, ‘साधं एका ओळीचं आणा.’ बाहेर एक जण भेटला, तो म्हणतो दोन दिवसांत क्लीन सर्टिफिकेट देतो, घर पाहायचीही गरज नाही. पंधरा हजार मोजून मी हे अर्धवट सर्टिफिकेट घेतलं का? इंजिनीअर हात झटकून राहिला का? जाणकारांनी सांगा.

कन्हान_रेती

भाऊ, घाबरू नका. मी वीस वर्षं ठेकेदारी करतोय. हे सगळे इंजिनीअर लिहितातच, स्वतःला वाचवायला. एक लिहितो, बाकीचे कॉपी मारतात. तुमचे कॉलम किती आहेत? ९ बाय १५ असतील तर डोळे झाकून तीन मजले चढवा. नागपूर झोन दोनमध्ये येतं, इथे भूकंपाचं कॅल्क्युलेशन करायची गरजच नाही. फुटिंग वाढवायला सांगितलं म्हणजे उगाच खर्च काढला. एका ओळीचं सर्टिफिकेट आणा आणि काम सुरू करा.

महाल_वाडा

आमच्याकडेही हीच भानगड सुरू आहे. महालातलं घर आजोबांच्या काळातलं, मातीच्या जोडाईचं. नोटीस आली की स्ट्रक्चरल ऑडिट करून स्टॅबिलिटी सर्टिफिकेट द्या. भाडेकरू म्हणतो घर पडाऊ दाखवून मला काढायचा डाव आहे. इंजिनीअर म्हणतो दुरुस्ती केल्याशिवाय सही करणार नाही. आता दुरुस्ती कोणी करायची? तुमच्या इंजिनीअरचा नंबर द्या ना, तो निदान सही तरी करतो.

बर्डीचा_बबन

काका, त्यांना मजला चढवायचा आहे, तुम्हाले भाडेकरू उतरवायचा आहे. दोन्ही सर्टिफिकेट येगळे असतीन ना बाप्पा.

जुना_स्थापत्यवाला

बबनने थट्टेत खरं सांगितलं. स्टॅबिलिटी या एका नावाखाली निदान तीन वेगळे कागद फिरतात आणि निम्मे वाद त्यातूनच होतात.

महालवाले काका, तुम्हाला आलेली नोटीस महापालिका अधिनियमाच्या कलम २६५अ ची असावी. तीस वर्षं उलटलेल्या इमारतीची तपासणी करून ती राहण्याजोगी आहे का ते कळवायचं, हा तो विषय. तिथे प्रश्न आहे तसं घर उभं राहील का एवढाच असतो. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, भाडेकरूचा मुद्दा मोठा आहे, इथे वाहून जाईल.

दुसरा कागद काम पूर्ण झाल्यावर, भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी. त्यात इंजिनीअर म्हणतो की बांधकाम माझ्या डिझाइनप्रमाणे झालेलं आहे. तो झालेल्या कामाबद्दल बोलतो, म्हणून काम चालू असताना तो साइटवर गेलेला असायला हवा.

मानेवाडाकर, तुमचा कागद तिसरा. मजला अजून बांधलेलाच नाही. इंजिनीअर इतकंच सांगू शकतो की आज उभं असलेलं घर, अमुक नकाशातला अमुक वजनाचा मजला, अमुक सुधारणा केल्या तर पेलेल. ‘नव्या कामाचा दर्जा यात नाही’ हे वाक्य वाचून तुम्हाला पळवाट वाटली, पण जे काम अजून झालंच नाही त्याच्या दर्जाचं प्रमाणपत्र कोणी प्रामाणिक माणूस कसं देईल? तेच वाक्य भोगवट्याच्या वेळच्या कागदावर आलं, आणि देखरेखीची हमीही त्यानेच लिहून दिलेली असली, तर मात्र मी भुवया उंचावीन.

फुटिंगं का वाढवायला सांगितली, अहवालात आकडे असतील. ते टाका, बघू.

मानेवाडाकर

धन्यवाद सर. अहवाल आहे, मला त्यातलं फार कळत नाही. जेवढं दिसतं ते लिहितो.

कॉलम १२. घर २४ फूट रुंद, ३६ फूट लांब, तीन ओळींत चार-चार कॉलम. कॉलम ९ बाय १५. मधल्या दोन कॉलमची फुटिंगं ५ बाय ५ फूट, कडेच्या सहाची साडेचार बाय साडेचार, कोपऱ्याच्या चारची ४ बाय ४. एक कोपऱ्याचं, एक कडेचं आणि एक मधलं अशी तीन उघडली, तिन्ही नकाशाप्रमाणे निघाली. वर चार फूट काळी माती, खाली पिवळा मुरूम, फुटिंग सहा फुटांवर मुरमात. मुरमाची क्षमता चौरस मीटरला २० टन धरलीय. मधल्या कॉलमवर आज ३५ टन, नंतर ५२ टन. कोअरचे आकडे १८.२, १६.४ आणि १७.९.

जुना_स्थापत्यवाला

छान माहिती दिलीत. तुमच्या इंजिनीअरने काम केलंय, हात झटकलेले नाहीत. मधला कॉलम घेऊन बघू, कारण सगळ्यात जास्त वजन त्याच्यावर.

त्याच्या वाट्याला प्रत्येक मजल्याचा १२ फूट बाय १२ फूट तुकडा येतो, म्हणजे साधारण साडेतेरा चौरस मीटर. स्लॅब, बीम, फरशी, भिंती आणि माणसं-सामान मिळून राहत्या मजल्याचं वजन चौरस मीटरला सव्वा टनाच्या आसपास जातं. माणसं-सामान त्यात २०० किलोच आहे, बाकी घराचं स्वतःचं. म्हणजे एक मजला चढवला की या एका कॉलमवर सोळा-सतरा टन वाढतात. ३५ चे ५२ झाले ते असे.

आता फुटिंग. ३५ टनांत फुटिंगचं आणि त्यावरच्या मातीचं वजन म्हणून दहा टक्के मिळवा, साडेअडतीस. ५ बाय ५ फूट म्हणजे २.३ चौरस मीटर. भागाकार केला की चौरस मीटरला साडेसोळा टन. मुरूम २० घेतो, घर निवांत उभं आहे, सतरा वर्षांत कुठे तडा नाही. ५२ टनांनी हाच हिशोब करा, जवळजवळ २५ येतात. मुरमाच्या क्षमतेच्या बाहेर. फुटिंग ६ बाय ६ केलं की क्षेत्र ३.३ होतं आणि दाब पुन्हा १७ वर येतो. म्हणून मधली दोन.

घर लगेच कोसळेल असं नाही, क्षमता ठरवतानाच त्यात राखीव ठेवलेली असते. पण मधली दोन फुटिंगं कडेच्यांपेक्षा जास्त दबली की स्लॅब-बीमला त्याचा ताण येतो. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात, मधल्या खोलीची फरशी बशीसारखी होते. तेव्हा वर माणसं राहायला आलेली असतात आणि फुटिंगपर्यंत पोचायला फरशी फोडावी लागते.

कोब्याचंही तसंच. तुमच्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असणार, त्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर जातं. लोक काय करतात, तो तसाच ठेवून त्यावर फरशी ठोकतात, कारण काढायचा खर्च आणि धूळ नको. मधल्या एका कॉलमवर तेच तीन टन फुकटचे. ५२ टनांच्या हिशोबात कोबा काढलेला धरलाय, म्हणून सर्टिफिकेटात तशी अट आहे. ती अट खोडली तर ५२ चा आकडाच खोटा पडतो.

कन्हान_रेती

सर, तुमचा मान ठेवून सांगतो. कागदावरचं गणित वेगळं, साइट वेगळी. याच भागात मी ५ बाय ५ वर तीन मजली सहा घरं बांधली, एकालाही काही झालं नाही. आणि भूकंपाचं मी बरोबरच बोललो ना? कोडमध्येच लिहिलंय की झोन दोनला लागत नाही.

जुना_स्थापत्यवाला

अर्धं बरोबर. कॉलम-बीमच्या सांध्यात रिंगा जवळजवळ घालण्याचं जे कोड आहे, आयएस १३९२०, ते झोन तीन, चार आणि पाचला सक्तीचं आहे. झोन दोनमध्ये ऐच्छिक. तुम्ही कोणाकडून तरी हे ऐकलं असणार आणि त्याचं ‘भूकंपाचं कॅल्क्युलेशन नाही’ असं झालं. भूकंपाचा आडवा जोर काढायचं कोड आयएस १८९३, आणि त्यात झोन दोनला सूट नाही, फक्त गुणक कमी आहे, ०.१०. वाऱ्याचा जोरही बघावा लागतो. नागपूरला सेकंदाला ४४ मीटर मूळ वेग धरतात, मात्र तुमच्यासारख्या तीन मजली पसरट घराला वारा फारसा त्रास देत नाही.

किल्लारी आठवते ना? १९९३ साली तो भाग तेव्हाच्या नकाशात सगळ्यात खालच्या झोनमध्ये होता. म्हणून सर्टिफिकेटात कोणी ‘भूकंपाचा भार वगळून’ असं लिहिलं, तर ती वगळणूक मी कधीच मान्य करणार नाही. मानेवाडाकरांच्या यादीत ती नाही हे मी आधी पाहिलं.

तुमच्या सहा घरांबद्दल काय बोलू? त्यांच्याखाली कदाचित मुरमाऐवजी कठीण खडक असेल. पश्चिमेकडे अनेक ठिकाणी काळा पत्थर लवकर लागतो, तिथे ५ बाय ५ वर तीन मजले आरामात बसतात. शेजारच्या लेआउटमध्ये काळी माती आठ फूट खोल निघू शकते. म्हणून तर खड्डा करायचा.

बर्डीचा_बबन

रेतीभाऊ, सहा घरांचे पत्ते टाकून द्या, म्हणजे आम्ही तिकडं भाड्यानं राहाले नाही जाणार.

कन्हान_रेती

थट्टा करा. सातवं तुझंच बांधतो.

रेषा_आर्किटेक्ट

मी अर्ज दाखल करण्याच्या बाजूने सांगते, कारण ‘एका ओळीचं आणा’ हा निरोप मी स्वतः अनेकदा ऐकलाय.

युडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, आल्यापासून अर्ज ऑनलाइन जातो आणि नमुने ठरलेले असतात. तपासणाऱ्या माणसाला ठरलेल्या नमुन्यातलं वाक्य दिसलं नाही की तो परत पाठवतो. त्याचं वगळणुकीशी वैर नसतं, त्याला फाइल जुळवायची असते. म्हणून आम्ही असं करतो की सर्टिफिकेट नमुन्यातच, एका पानाचं. पण प्रमाणित करणाऱ्या वाक्यात ‘सोबतच्या अमुक क्रमांकाच्या, अमुक तारखेच्या अहवालाच्या अधीन राहून’ एवढे शब्द घालायचे. दोन फुटिंगांची आणि कोब्याची अट मात्र त्या एका पानावरच हवी, कारण त्या अटींशिवाय वाक्य खरं होत नाही. बाकीची वगळणूक अहवालात जाऊ द्या. अहवाल त्याच अर्जात अपलोड करा.

अहवालाचा क्रमांक न घालता नुसती वगळणूक वेगळ्या कागदावर ठेवणारेही पाहिलेत. मग दाखल होतो तो कोरा करकरीत दाखला आणि अटी राहतात इंजिनीअरच्या कपाटात. पुढे काही झालं की दोघंही अडकतात.

मालकी, सोडलेली जागा, चटईक्षेत्र हे इंजिनीअरने वगळलं ते योग्यच, ती माझी आणि तुमच्या कागदपत्रांची बाब. माझ्या नकाशात बाल्कनी एक फूट बाहेर गेली तर त्याचा दोष त्याच्यावर कशाला?

मानेवाडाकर

ताई, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. इंजिनीअर साहेबांना आजच विचारतो. पण माझा मूळ प्रश्न राहिलाच. ‘न उघडलेली ९ फुटिंगं धरून चालतो’ हे कसं चालतं? बारापैकी तीनच बघितली आणि सक्षम आहे म्हणून लिहिलं. मग ते प्रमाणपत्र आहे की अंदाज?

सिव्हिललाइन्स_वकील

प्रश्न चांगला आहे. कायद्याच्या अंगाने सांगतो, स्थापत्य मला कळत नाही.

वगळणूक दोन जातींची असते. एक कुंपण घालणारी: मी एवढं पाहिलं, एवढं पाहिलं नाही, न पाहिलेलं कशावरून धरलं ते हे. दुसरी गिळणारी: वर म्हणायचं इमारत सक्षम आहे आणि खाली म्हणायचं पायाची तपासणी यात समाविष्ट नाही. मजला चढवायचा प्रश्नच पायाचा असताना पाया वगळला, तर वरच्या वाक्यात उरलं काय? असा दाखला माझ्या एका अशिलाकडे होता. सही, शिक्का, नोंदणी क्रमांक सगळं होतं, आणि चौथ्या कलमात पाया, माती आणि काँक्रीटची प्रत तिन्ही वगळलेली होती. म्हणजे त्या गृहस्थाने फक्त रंग प्रमाणित केला होता.

तुमचा दाखला पहिल्या जातीचा आहे. आणखी एक. वगळणूक लिहिली म्हणून निष्काळजीपणा झाकला जातो असं नाही. जे सहज दिसत होतं आणि तज्ज्ञाने पाहायलाच हवं होतं, ते वगळून सुटका होणं अवघड. घर न पाहता सही देणाऱ्याचा दाखला तर पहिल्या उलटतपासणीतच फाटेल, आणि तो तुम्ही जाणूनबुजून दाखल केलात हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल.

जुना_स्थापत्यवाला

वकीलसाहेबांनी नेमकं सांगितलं. तीन पुरेत का, हा मात्र माझ्या प्रांतातला प्रश्न आणि त्यावर इंजिनीअरांतही एकमत नाही.

त्याने तीन उघडली ती तीन वेगळ्या प्रकारची उघडली, हे शहाणपणाचं. कोपरा, कडा, मध्य. तिन्ही नकाशाशी जुळली म्हणजे २००९ चा नकाशा नुसता मंजुरीपुरता काढलेला नव्हता, त्यावरून खरंच काम झालं, असं म्हणायला आधार मिळतो. पण ठेकेदार बारावं फुटिंग खोदेपर्यंत थकतो, मुरूम कठीण लागला की खड्डा लहान ठेवतो, हेही मी पाहिलंय. मी असतो तर कडेची निदान दोन उघडली असती, कारण ती सहा आहेत आणि त्यांना वाढवायचं नाही. मधली दोन वाढवताना आपोआप उघडी पडणारच आहेत. कोपऱ्यांवर वजन कमी असतं.

आकडा बघा. कडेच्या कॉलमवर नव्या मजल्यासकट तीसेक टन येत असतील. साडेचार बाय साडेचारवर दाब साडेसतराच्या आसपास, चालतं. पण ते जर ४ बाय ४ निघालं तर २२ होतो, चालत नाही. म्हणजे सहा इंचांचा फरक, जो वरून कोणालाच दिसणार नाही, तो निकाल उलटवतो. त्याने ‘वेगळी निघाली तर लागू नाही’ लिहिलं त्याचं कारण हे.

कन्हान_रेती

आणि त्या कोअरचं काय? १८, १६, १७. आपला नकाशा एम-२० प्रतीच्या काँक्रीटचा असणार. एकही वीस नाही, तरी सक्षम कसं लिहिलं? इथे कोणी बोलत नाही.

जुना_स्थापत्यवाला

हा मुद्दा तुम्ही बरोबर पकडला. कापून काढलेल्या कोअरची ताकद ठोकळ्यापेक्षा कमीच येते, म्हणून आयएस ४५६ मध्ये तीन कोअरची सरासरी प्रतीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ च्या खाली नको, असा नियम आहे. एम-२० ला सरासरी १७ आणि प्रत्येक निदान १५. यांची सरासरी साडेसतरा, सगळ्यात कमी १६.४. बसतं, पण काठावर. मुळात तो नियम नव्या काँक्रीटच्या स्वीकृतीचा आहे. सतरा वर्षांच्या कॉलमला तो जसाच्या तसा लावून पूर्ण एम-२० धरायचं का, यावर वाद आहे. मी स्वतः एम-१५ धरून कॉलम एकदा तपासतो. मानेवाडाकर, अहवालात कॉलमच्या हिशोबाला कोणती प्रत धरलीय ते विचारा. सर्टिफिकेटात ते लिहिलेलं नसेल तर लिहून मागा. मला त्या पानात एवढीच उणीव दिसते.

मानेवाडाकर

दहा दिवसांनी येतोय, माफ करा. दोन बातम्या.

इंजिनीअर साहेबांना प्रत विचारली. म्हणाले, एम-१५ धरून तपासलंय, मधले दोन कॉलम बसत नाहीत, म्हणून फुटिंगसोबत त्या दोन कॉलमांना पहिल्या मजल्यापर्यंत जॅकेट, म्हणजे भोवती नव्या काँक्रीटचं आवरण, आहे. अहवालाच्या शेवटच्या पानावर ड्रॉइंग होतं, मीच पाहिलं नव्हतं. आता सर्टिफिकेटच्या अटीत ‘फुटिंगं व कॉलम’ असं घातलं. रेषाताईंनी सांगितलं तसं एका पानाचं केलं, अहवालाचा क्रमांक आणि तारीख घातली.

दुसरी बातमी. जुना_स्थापत्यवाला सरांचं वाचून मीच म्हटलं, कडेचं अजून एक उघडू. जिन्याजवळचं उघडलं. ४ बाय ४ निघालं. मजूर टेप धरून दोनदा मोजत होता, मी तिसऱ्यांदा मोजलं.

साहेब आले, बघितलं, म्हणाले आता उरलेली चारही कडेची उघडा, त्याशिवाय मी सही ठेवत नाही. जुनं सर्टिफिकेट परत घेतलं. वडिलांना विचारलं तर म्हणाले, जिन्याच्या बाजूला तेव्हा पाणी लागलं होतं, ठेकेदार म्हणाला होता लवकर भरून घेऊ.

कन्हान_रेती

पाणी लागलं की सगळेच लवकर भरतात. मीही भरलंय. उघडतच आहात तर चारही उघडा, त्यात काही जात नाही. एका वेळी एकच खड्डा ठेवा, सगळे उघडे टाकू नका. पावसाच्या आत करा, काळ्या मातीत पाणी शिरलं की खड्ड्याच्या भिंती सुटतात.

रेषा_आर्किटेक्ट

अर्ज थांबवून ठेवा, अर्धा अपलोड केलेला असेल तर जुनं सर्टिफिकेट काढून टाका. दोन तारखांची दोन सर्टिफिकेटं एकाच फाइलमध्ये राहिली की गोंधळ होतो. नव्यात किती फुटिंगं पाहिली तो आकडा बदलायला विसरू नका.

मानेवाडाकर

हो ताई. एक शंका आहे. या जादा चार खड्ड्यांचे आणि नव्या सर्टिफिकेटचे पैसे साहेब वेगळे मागताहेत, आठ हजार. त्यांचं म्हणणं, तीन खड्ड्यांचंच ठरलं होतं. माझं म्हणणं, तीन पुरेत हे त्यांनीच ठरवलं होतं.

सिव्हिललाइन्स_वकील

काम ठरवताना लेखी काय आहे? खड्ड्यांची संख्या कोणी सुचवली ते त्यात असेल तर सोपं आहे. नसेल तर निम्मे-निम्मे करा, आठ हजारांसाठी चांगला इंजिनीअर गमावू नका.

बर्डीचा_बबन

वकीलसाहेब फुकटात सल्ला देऊन राहिले, स्क्रीनशॉट काढून ठेवा राजेहो.

जुना_स्थापत्यवाला

लेखी नसेल तर माझ्या मते खड्डे मालकाचे, सर्टिफिकेट इंजिनीअरचं. पण माझेच मित्र यावर माझ्याशी भांडतील. चारही उघडल्यावर मापं टाका.

महाल_वाडा

आमच्या घराला तर फुटिंगच नाहीत, दगडी पाया आहे. आमच्याकडे काय उघडायचं?